गूळ आणि फाउंड्रीची धूळ

“फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी रोज सुट्टीनंतर गुळाचा खडा खावा, छातीतली धूळ निघून जाते.”

कोल्हापुरात गूळही आपला आणि फाउंड्रीही आपली, त्यामुळे हे पटकन पटतं. शिवाय गूळ खाल्ला की घसा खरंच मोकळा वाटतो. पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात. फाउंड्रीच्या धुळीतले, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार करणारे वाळूचे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण स्वतःच मरतात आणि त्या जागी वण धरतो. हा वण औषधानंही जात नाही. गुळाचे प्रयोग उंदरांवर झालेत. माणसाचा सिलिकोसिस त्यानं टळल्याचं सिद्ध नाही.

गैरसमज टिकतो तो आजाराच्या संथपणामुळे. बाविसाव्या वर्षी फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला, लागलेल्या माणसाला धाप चाळिशीत लागू शकते. मधली वर्षं तो ठणठणीत असतो आणि श्रेय गुळाला जातं. काम सोडल्यावरही वण वाढत राहू शकतो, क्षयाचा धोकाही वाढतो.

पडताळायचं असेल तर छातीचा एक्स-रे बघा. सुरुवातीला फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक गोल ठिपके दिसतात. तेव्हा फुंकर मारायची चाचणी नॉर्मलही येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कामाला लागतानाची फिल्म जपून ठेवा आणि ठरावीक काळानं नवी काढून तिच्याशी ताडून घ्या. डॉक्टरांना किती वर्षं, कोणत्या खात्यात काम केलं तेही सांगा; नाहीतर हे ठिपके क्षयाचे समजले जातात.