पेटीसाठी चष्म्याची एक अ‍ॅड, हलव्याच्या दागिन्यांसाठी दुसरी

संक्रांतीच्या आधी नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू माझ्याकडे आल्या. वय 56, चष्मा नवाच. "पेपर छान दिसतो जी, पण पेटीवर बसले की वहीतले स्वर धूसर. अन् हलव्याचे दागिने करायला घेतले की अर्ध्या तासात डोळे ठणकतात."

चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचा दूरचा नंबर +0.75 आणि खाली अ‍ॅड +2.00. मी पुन्हा तपासलं, नंबर बरोबरच होता. फक्त तो 40 सेंटीमीटरवर काढलेला होता, म्हणजे पेपर धरतो त्या अंतरावर.

अ‍ॅड म्हणजे जवळचं दिसण्यासाठी दूरच्या नंबरात घालायची भर. काकूंचा वाचायचा नंबर 0.75 अधिक 2.00, म्हणजे +2.75. इथेच पुष्कळ लोक चुकतात. अ‍ॅडलाच पूर्ण नंबर समजून +2.00 चा तयार चष्मा घेतात. काकूंनी तसं केलं असतं तर भर फक्त 1.25 ची झाली असती.

ही भर अंतरावर ठरते. 100 ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागलं की त्या अंतराला लागणारी ताकद डायॉप्टरमध्ये मिळते. 40 सेंटीमीटरला 2.50 लागते. काकूंच्या डोळ्यात जवळचं पाहायची स्वतःची ताकद साधारण 1.00 उरली होती. त्यातली निम्मी राखून ठेवायची, नाहीतर डोळे थकतात. मग डोळा 0.50 देतो, उरलेली 2.00 काच देते.

या अ‍ॅडने काकूंना साधारण 33 ते 50 सेंटीमीटरमधलंच स्पष्ट दिसतं. मी त्यांना घरी टेप घेऊन अंतर मोजायला लावलं, कोणीतरी दुसऱ्याने, त्या आपल्या नेहमीच्या बैठकीत असताना. पेटीवरची वही 65 वर निघाली, कक्षेच्या पार बाहेर. हलव्याचे दाणे 33 वर. तिथे दिसत होतं, पण डोळ्याची सगळी ताकद पणाला लावून. ठणका त्याचाच.

65 ला साधारण 1.50 लागते. त्यातून डोळ्याची 0.50 वजा केली की अ‍ॅड +1.00, म्हणजे पेटीचा चष्मा +1.75. दागिन्यांसाठी 3.00 मधून 0.50 गेली, अ‍ॅड +2.50 आणि चष्मा +3.25. हा हिशेब सुरुवातीचा. शेवटचा आकडा काचा बदलून पाहायची ट्रायल फ्रेम घालून, वही खरोखर 65 वर ठेवूनच पक्का करायचा. सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेचा, नंबर असेल तर तो दोन्ही चष्म्यांत तसाच राहतो. तयार चष्म्यात तो मिळत नाही.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर बदलत जाणाऱ्या काचेत मधलं अंतर असतं, पण अरुंद पट्ट्यात. वहीची ओळ डावीकडून उजवीकडे वाचताना मान वळवावी लागते, म्हणून पेटीसाठी मी साधी एकाच नंबरची काच सुचवली.

पेटीच्या चष्म्यातून मीटरभरापलीकडचं काकूंना धूसर दिसतं. बेल वाजली की त्या तो पेटीच्या झाकणावर काढून ठेवतात, मगच दार उघडायला उठतात.