सकाळची लस, रात्रीचा ताप

रात्री सव्वानऊला फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ऐकण्याआधीच मला अंदाज असतो. "डॉक्टर, सकाळी लस दिली ना, आता अंग तापलंय. एकशे एक दाखवतंय. आणि पाय मात्र गार पडलेत." शेवटचं वाक्य थोडं घाबरून, आवाज खाली आणून. मागे बाळाचं रडणं ऐकू येत असतं, आणि माझ्यासाठी ते चांगलं लक्षण असतं. जोरात रडणारं बाळ निदान मलूल पडलेलं नाही.

काही महिन्यांपूर्वीचा एक फोन अगदी असाच होता. बाळ दीड महिन्याचं, वजन साडेचार किलो. सकाळी अकरा वाजता लसी दिल्या, पाचपासून किरकिर सुरू झाली, नऊला ताप १०१. घड्याळ जणू ठरल्याप्रमाणे चाललं होतं. या घड्याळाबद्दलच आज लिहायचं आहे, कारण लसीनंतरचा ताप कधी येतो हे कळलं की तो का येतो हेही कळतं, आणि कोणत्या तापाला घाबरायचं हेसुद्धा.

आधी वेळापत्रक, थोडक्यात. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-ब ची लस मिळते. मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते दीड, अडीच आणि साडेतीन महिने. या तिन्ही भेटींत पेंटाव्हॅलंट नावाचं इंजेक्शन, पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब असतात. पहिल्या आणि तिसऱ्या भेटीत न्यूमोनियाची लस आणि पोलिओचं छोटं इंजेक्शनही असतं. पुढे नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, त्याबरोबर न्यूमोनिया आणि पोलिओच्या इंजेक्शनचा पुढचा डोस. दुसऱ्या वर्षातले बूस्टर वेगळे. कार्डावर हे सगळं लिहिलेलं असतं, पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की या यादीत त्याच दिवशी येणाऱ्या तापाचा खरा मानकरी एकच आहे. डाव्या मांडीत दिलं जाणारं पेंटाव्हॅलंट.

पेंटा म्हणजे पाच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब, म्हणजे मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा एक जिवाणू. यातल्या चौघांचे फक्त निवडक तुकडे किंवा निकामी केलेलं विष लसीत असतं. डांग्या खोकल्याचा जिवाणू मात्र मारून अख्खाच्या अख्खा घातलेला असतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा एक स्निग्ध-शर्करेचा पदार्थ असतो, आणि आपल्या शरीराला तो फार जुन्या ओळखीचा आहे. शत्रूच्या गणवेशाचं कापड म्हणा हवं तर. आत शत्रू जिवंत आहे की मेलेला, हे पाहण्याच्या फंदात शरीर पडत नाही. कापड दिसलं की घंटा वाजवायची.

ही घंटा कशी वाजते ते मला शिकताना इतकं आवडलं होतं की आजही सांगायला बसलो की थांबवत नाही. मांडीच्या स्नायूत पहारेकरी पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचा एक ग्राहक रेणू तो स्निग्ध पदार्थ पकडतो. पकडल्यावर काही तासांत पेशी इंटरल्यूकिन नावाचे निरोप रक्तात सोडते. हे निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन-ई२ हे रसायन बनवतात, आणि हे रसायन शरीराच्या थर्मोस्टॅटचा काटा वर सरकवतं. काटा ९८ वर होता, आता १०१ वर. शरीर बिघडलेलं नाही. त्याला नवा आकडा दिला गेलाय, आणि ते इमानेइतबारे तो गाठायच्या मागे लागलंय.

आता गार पायांचं कोडं सुटतं. आकडा गाठायचा तर उष्णता बाहेर जाऊ देऊन चालणार नाही, म्हणून हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. पोट तापलेलं, तळवे गार. मोठा माणूस अशा वेळी कुडकुडतो, पण तान्हं बाळ सहसा कुडकुडत नाही. त्याच्या खवाट्यांच्या मध्ये आणि मानेभोवती तपकिरी चरबी असते. ती फक्त उष्णता निर्माण करण्यासाठीच जळते. बाळाच्या पाठीत आपली आपण चालणारी शेगडीच आहे ती. म्हणून पाय गार लागले तरी बाळाला दोन दुपट्यांत आणि वर ब्लँकेटमध्ये गुंडाळू नका. शेगडी पेटलेली असताना खिडक्या बंद केल्यासारखं होतं. एक सुती कपडा पुरतो.

पॅरासिटामॉल मेंदूतलं ते प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. काटा खाली येतो, बाळाला थोडा घाम येतो, अंग निवतं. पण औषधाच्या बाटलीपाशीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. तान्ह्या बाळाचे थेंब येतात त्यात सहसा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरप येतं त्यात ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीमध्ये फक्त २५. नाव एकच, पण तीव्रतेत चौपट फरक. एका वेळचा डोस दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम. त्या साडेचार किलोच्या बाळासाठी मी ५० मिलिग्रॅम धरले. थेंबांच्या बाटलीतून ते अर्धा मिली, सिरपमधून २ मिली. वडिलांच्या हातात थेंबांची बाटली होती आणि मोठ्या मुलाच्या वेळचं "दोन मिली" डोक्यात पक्कं बसलेलं होतं. ते दिलं असतं तर २०० मिलिग्रॅम गेलं असतं. म्हणून मी फोनवर आधी विचारतो, लेबलवरचा आकडा वाचून दाखवा. दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही, आणि इतक्या लहान बाळाला डोस डॉक्टरांनी वजनावरून सांगितल्याशिवाय नाही.

"मग लसीच्या आधीच पाजून आणू का?" असं पुष्कळजण विचारतात. या लसींसाठी नको. २००९ साली चेक प्रजासत्ताकातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लसीबरोबर ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लसींनंतर तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाणही कमी भरलं. संरक्षण बहुतेकांना मिळालंच, तरी विनाकारण आधी द्यायचं कारण उरत नाही. ताप आला आणि बाळ कासावीस झालं की द्यावं. आकडा दिसला म्हणून नव्हे.

काहीजण म्हणतात, त्यापेक्षा ती बिनतापाची, "पेनलेस" लस द्या. त्या लसीत अख्ख्या जिवाणूऐवजी त्याची शुद्ध केलेली मोजकी प्रथिनं असतात. गणवेशाचं कापड नाही, त्यामुळे घंटा हळू वाजते. लस चांगलीच आहे, पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. ही लस जन्माला आली त्यामागेही दुष्परिणामांची भीतीच होती. जपानमध्ये १९७४-७५ च्या हिवाळ्यात जुन्या, अख्ख्या जिवाणूच्या लसीनंतर दोन बाळं दगावली. लसीकरण काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं तरी आईबाप बिथरलेलेच होते. १९७४ मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रुग्ण होते. १९७९ मध्ये तेरा हजारांवर गेले आणि ४१ मृत्यू झाले. त्यानंतर १९८१ पासून तिथे नवी, कमी तापाची लस वापरात आली. एक गंमत मात्र मला कधी कळलेली नाही. इम्युनिटी वाढवते म्हणून कसलीही रंगीत बाटली लोक विकत घेतात, आणि इम्युनिटी खरोखर कामाला लागल्याचा पुरावा थर्मामीटरवर दिसला की हादरतात.

पेंटाव्हॅलंटचा ताप त्याच दिवशी येतो आणि साधारण ४८ तासांत जातो. मांडी थोडी लाल होते, दुखते. आत वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ काही आठवडे राहू शकते. चोळायची नाही, शेकायची नाही. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाचं घड्याळ मात्र निराळं आहे. त्या लसीतले विषाणू जिवंत पण दुबळे केलेले असतात. त्यांना शरीरात थोडं वाढावं लागतं, मग शरीर त्यांची दखल घेतं. म्हणून ताप येतो तो सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास, कधी अंगावर फिकट पुरळही उठतं. तोवर लस दिल्याचं घरात कुणाच्या लक्षात नसतं, आणि खापर फुटतं ते दाताच्या डोक्यावर.

आता कोणत्या तापात वाट पाहत थांबायचं नाही ते. लसीनंतर दोन दिवसांपुढे गेलेला. १०२ च्या वर चढलेला. बाळ दूध ओढत नाही, उठवून उठत नाही, तीन तासांहून जास्त सलग रडतंय, झटका आला, किंवा एकदम पांढरंफटक होऊन लुळं पडलं. यातलं काहीही दिसलं तर फोनवर बोलत बसू नका, बाळाला घेऊन या. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला लस दिलेली नसताना १००.४ ताप आला, तरी त्याच दिवशी दाखवायचं. तिथे माझं वरचं सगळं आश्वासन लागू नाही.

त्या फोनवरच्या बाळाचं पुढे काय झालं? अर्ध्या मिलीनंतर तासाभरात ते झोपलं, पहाटे दूध प्यायलं, सकाळी ताप ९९. दुसऱ्या डोसाला त्यांना तेरा दिवस उशीर झाला. वडिलांना वाटलं सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार. तसं नसतं. शरीराची आठवण उशिराने पुसली जात नाही, दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, जास्त झाले तर पुढचा डोस देऊन चालू ठेवायचं. उशिराचा तोटा एवढाच, की मधले दिवस बाळ अर्धवट संरक्षणात राहतं.

या वेळी ताप आलाच नाही. दुसऱ्या दिवशी फोन मात्र आलाच. "डॉक्टर, काहीच झालं नाही हो. लस खरी होती ना?" कित्येक बाळांना ताप येत नाही आणि प्रतिपिंड तरीही तयार होतात, हे मी सांगितलं. पटल्यासारखं वाटलं नाही. म्हणून पुढच्या वेळी कुपीच दाखवली. तिच्यावर एक जांभळट गोल असतो आणि आत फिका चौकोन. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि गोलाच्या रंगाशी जुळला की ती कुपी वापरायची नाही. त्या दिवशीचा चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा स्पष्ट फिका होता. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा पाहिला आणि मगच बाळाची मांडी मोकळी केली.