चार गावं, चार फेऱ्या

‘आमचं ॲप क्षणार्धात सगळे मार्ग तपासतं’ अशी जाहिरात परवा वाचली आणि हसू आलं. सगळे मार्ग कुणीच तपासत नाही. वीस गावं एकमेकांना थेट जोडलेली असली, तरी दोन गावांमधले मार्ग मोजता मोजता आयुष्य सरेल. प्रत्येक दोन गावांमधलं सर्वांत कमी अंतर शोधायची खरी युक्ती वेगळीच आहे. ती १९६२ साली रॉबर्ट फ्लॉइड आणि स्टीफन वॉर्शल यांनी स्वतंत्रपणे मांडली. फ्रान्सच्या बर्नार्ड रॉय यांनी त्याआधीच, १९५९ मध्ये.

चार गावं घ्या: १, २, ३, ४. रस्ते सगळे एकेरी. १ वरून २ ला १५ किमी, ३ ला ८ आणि ४ ला २. शिवाय ४→३ हे ३ किमी, ३→२ हे ४ आणि २→१ हे ५. ही अंतरं एका कोष्टकात मांडायची: गावाचं स्वतःपासूनचं अंतर शून्य, आणि थेट रस्ता नसेल तिथे ‘अनंत’ लिहायचं.

आता फेऱ्या. पहिल्या फेरीत वाटेत थांबायला फक्त गाव १ ची मुभा. दुसऱ्या फेरीत १ आणि २ ची, अशी एकेक गावाने मुभा वाढत जाते. प्रत्येक फेरीत प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचा: नव्या गावावरून गेलं तर अंतर कमी होतं का?

१ ते २ या जोडीकडे बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत १५ तसेच राहतात. तिसऱ्या फेरीत ३ वरून ८ + ४ = १२. याच फेरीत ४→२ हे अंतरही ३ + ४ = ७ असं सापडून कोष्टकात बसतं. चौथ्या फेरीत १→४ चे २ आणि हे तयार ७ मिळून ९. मार्ग १→४→३→२ असा तीन रस्त्यांचा, पण बेरीज एकच!

हे चालतं कसं? सर्वांत जवळच्या मार्गावर गाव ४ दोनदा यायचं कारण नाही. म्हणून ४ च्या अलीकडचा तुकडा आणि पलीकडचा तुकडा, दोन्ही वाटेत फक्त १, २, ३ वापरतात आणि त्यांची उत्तरं तिसऱ्या फेरीअखेर तयार असतात. जुनी उत्तरं अशी जपून वापरण्यालाच डायनॅमिक प्रोग्रामिंग म्हणतात. कोडमध्ये `d` म्हणजे आपलं कोष्टक आणि `n` म्हणजे गावांची संख्या:

```
for k in range(n):
  for i in range(n):
    for j in range(n):
      d[i][j] = min(d[i][j], d[i][k] + d[k][j])
```

मधलं गाव, म्हणजे `k`, सर्वांत बाहेरच हवं. ते सर्वांत आत ढकललं, तर १→२ ची पाळी ४→२ चे ७ सापडण्याआधीच येऊन जाते. उत्तर १२ वर अडकतं आणि प्रोग्राम चूक दाखवतही नाही.

रस्त्याची किंमत ऋण असली तरी चालते, पण फिरून मूळ गावी आल्यावर एकूण बेरीज ऋण नको. २→१ चे ५ काढून −१० लिहा: १→४→३→२→१ ची बेरीज −१ होते आणि कोष्टकाच्या कर्णावर, जिथे शून्यच असायला हवं तिथे, ऋण आकडा उमटतो.

हजार गावांना शंभर कोटी वेळा हा प्रश्न विचारावा लागतो. संगणकाला ते जमतं. लाख गावांना मात्र नुसतं कोष्टकच हजार कोटी घरांचं होतं.