फोटोत दुसऱ्याच्या धडावर चेहरा लावणे : संमती आणि कायदा

एखाद्याचा खरा चेहरा उचलून दुसऱ्याच्या धडावर बसवणं, ज्याला लोक सरसकट मॉर्फिंग म्हणतात, ते मुळात गुन्हा नाही. ग्रुप फोटोत आजोबांचे डोळे मिटले तर स्टुडिओवाला दुसऱ्या फ्रेममधला त्यांचाच चेहरा लावून देतो, कोणी तक्रार करत नाही. भानगड होते ती न विचारता केल्यावर, आणि फोटो कुठे, कशासाठी वापरला त्यावरून.

समजा इंदूरला राजवाड्याजवळच्या एखाद्या स्टुडिओनं साखरपुड्याचे फोटो काढले आणि नवरीचा चेहरा लेहंग्याच्या मॉडेलवर लावून दुकानाच्या जाहिरातीत टाकला. यात अश्लील काहीच नाही, म्हणून स्टुडिओवाला म्हणणार की फोटो मीच काढला, माझाच. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो (हे इथल्या बऱ्याच स्टुडिओंना खरंच माहीत नसतं). शिवाय फोटो काढायला दिलेली संमती जाहिरातीला लागू होत नाही. ज्या मॉडेलचं धड वापरलं तिलाही विचारायला हवं होतं, तिची आठवण तर कोणालाच येत नाही.

तोच चेहरा कोणी उघड्या शरीरावर लावला तर प्रकरण एकदम बदलतं. आयटी कायद्याचं कलम ६६ई खासगी अवयवांच्या फोटोबद्दल आहे, पण शरीर तिचं नाहीच म्हटल्यावर ते नीट बसत नाही आणि बचावाचा वकील नेमकं तेच धरतो. म्हणून कलम ६७ लावतात, अश्लील मजकूर टाकणं किंवा पुढे पाठवणं, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृत्य दाखवलं असेल तर ६७ए, ५ वर्षं आणि १० लाखांपर्यंत. म्हणजे फॅमिली ग्रुपवर "हे बघा काय आलंय" म्हणत फॉरवर्ड करणारे काकाही यात येऊ शकतात, बनवणारा एकटा नाही. बदनामीसाठीच खोटा फोटो बनवला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६(४) पण आहे. चेहरा अल्पवयीन मुलीचा असेल तर ६७बी, तिथे असा फोटो तयार करणं हाच गुन्हा.

खोटेपणा दाखवायला मान आणि चेहऱ्याचा रंग, उजेडाची दिशा बघतात, पण सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे मूळ फोटो. नथीची ओठावर पडलेली सावली, कपाळावर सुटलेली बट दोन्हीत हुबेहूब सारखी निघाली की चेहरा कुठून उचलला ते कळतं. त्यामुळे आलेला मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नये, लिंक, नंबर, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा आणि cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. प्लॅटफॉर्मकडे वेगळी तक्रार करावीच लागते, तिथून फोटो उतरला तरी लोकांच्या फोनमध्ये सेव्ह झालेल्या कॉप्या राहतातच.