खिळा गंजका नव्हता, तरी इंजेक्शन?

"खिळा नवीन होता हो, गंज नव्हता, मग टीटी कशाला?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो क्लॉस्ट्रिडियम टेटनी नावाच्या बॅक्टेरियामुळे होतो आणि त्याचे बीजाणू मातीत, शेणात, धुळीत वर्षानुवर्षं टिकून राहतात.

या बॅक्टेरियाला ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून उघड्या खरचटण्यापेक्षा खिळ्याचं अरुंद, खोल भोक त्याला जास्त मानवतं, आत मेलेल्या पेशी असतात, हवा पोचत नाही, मग बीजाणू जागे होतात आणि विष बनवायला लागतात. ते विष जवळच्या नसेत शिरतं, नसेतून उलटं चढत मज्जारज्जूपर्यंत जातं आणि तिथे स्नायूंना "आता सैल हो" सांगणारे संदेशच बंद पाडतं. मग जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. एकदा विष नसेत शिरलं की औषधाने ते निकामी करता येत नाही, म्हणून सगळा भर आधीच अडवण्यावर. जखमेवर शेण किंवा माती लावणं म्हणजे तर बीजाणू आपल्या हाताने आत भरणं, ते कृपा करून थांबवा.

आता समजा साईटवर २६ वर्षांच्या मुलाच्या चपलेतून सेंट्रिंगच्या फळीचा खिळा टाचेत घुसला. शेवटचा डोस सोळाव्या वर्षी, म्हणजे १० वर्षं झाली. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षं चालतात, पण मळकट किंवा खोल जखमेला ५ च धरायची, म्हणून याला बूस्टर लागणार (सरकारी दवाखान्यात आता टीटीऐवजी धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची टीडी लस देतात). लक्षणं यायला साधारण ३ ते २१ दिवस लागतात आणि आधीची लस घेतलेलं शरीर तेवढ्यात अँटिबॉडी वाढवतं. ज्याचे तीन डोस झालेच नाहीत किंवा काही आठवतच नाही, त्याला मात्र अशा जखमेत लसीसोबत तयार अँटिबॉडीचं वेगळं इंजेक्शनही लागतं. उलट दर सहा महिन्यांनी टीटी टोचून घ्यायची काहीच गरज नसते.

टाके? या भोकाला सहसा घालत नाहीत, कारण तोंड शिवलं की घाण आतच कोंडते. भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचं, खिळ्याचा किंवा चपलेचा तुकडा आत राहिलाय का ते डॉक्टरांकडून बघून घ्यायचं. कोयत्याने कापलं, कडा फाकल्या, आतली पिवळी चरबी दिसतेय किंवा १०-१५ मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नाही, तर टाक्यांसाठी लगेच जायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

पहिले एक-दोन दिवस थोडी लाली, ठणका चालतो. पण त्यानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरली, पू आला, वर चढणारी लाल रेघ दिसली किंवा ताप आला तर इन्फेक्शन. पेनने लालीच्या कडेला रेघ मारून ठेवा, ती ओलांडली की कळतं. डायबेटिस असेल तर पायाला दुखणं जाणवेलच असं नाही, म्हणून रोज तळवा डोळ्यांनी बघायचा. आणि चपलेतून घुसलेल्या खिळ्याची जखम वरून भरली, पण आठवड्याभराने टाच पुन्हा दुखायला लागली, तर हाडापर्यंत इन्फेक्शन गेलेलं असू शकतं, नुसत्या पेनकिलरवर न राहता डॉक्टरांना खिळ्याची गोष्ट सांगून तपासून घ्या.