टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय मध्येच तुटतं: इंटरनेट कंपनीकडे तक्रार आणि अपील कसं करायचं

लातूर, बीड, परभणीकडच्या घरांतून या विषयावर ज्या तक्रारी जातात, त्यातल्या बहुतेक एकाच शेऱ्यावर बंद होतात: ‘स्पीड योग्य आहे’. शेरा खोटा नसतो. कंपनीचा मुलगा येतो, राउटरजवळ उभा राहून मोबाइलवर स्पीड मोजतो, आकडा बरोबर येतो, तक्रार बंद. रात्री टीव्ही पुन्हा तुटतो. दोष स्पीडमध्ये नसतोच, म्हणून तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ असं लिहायचंच नाही.

आधी नेमकं काय घडतं ते पाहू. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल वाय-फायला रडारसोबत वाटून दिलेले आहेत. २००३ च्या जिनिव्हा परिषदेत जगभरासाठी तशी अट ठरली. या चॅनलवर राउटरला रडारसारखा सिग्नल ऐकू आला की त्याने लगेच चॅनल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. परत यायचं तर आधी किमान एक मिनिट गप्प राहून ऐकायचं. ३६ ते ४८ आणि १४९ पासून वरच्या चॅनलवर ही अट नाही.

राउटर हलताना जोडलेल्या उपकरणांना नव्या चॅनलची सूचना देतो. मोबाइल ती बहुधा पाळतो किंवा गुपचूप २.४ गिगाहर्ट्झवर जातो. बरेच टीव्ही सूचना पाळत नाहीत, काहींना तर वरचे काही चॅनल दिसतच नाहीत. म्हणून घरात सगळ्यांचं चालू आणि टीव्हीचंच बंद असं होतं, आणि कंपनी ‘टीव्ही खराब आहे’ म्हणून मोकळी होते.

तक्रार कोण करू शकतो

कनेक्शन ज्याच्या नावावर, तोच. भाड्याच्या घरात मालकाच्या नावावर असेल तर तक्रार मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवरून टाका. दुसरी अट जास्त महत्त्वाची: राउटर कंपनीने दिलेला हवा. स्वतः विकत घेतलेला असेल तर कंपनी हात वर करणार, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या हातात सेटिंग असेल तर तक्रारीची गरजच नाही. चॅनल `Auto` वरून काढून ३६ करा, चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा. १६० ठेवलीत तर ३६ निवडूनही अर्धा पट्टा रडारच्या भागात जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

खरी अडचण कंपनीच्या राउटरची आहे. त्याचा पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत आणि सेटिंग स्वतःही बदलत नाहीत.

कागद: बिल आणि नोंद

बिल कुणाकडेच नसतं. आपल्याकडे फायबर केबलवाल्याकडून येतं, पैसे रोख किंवा फोनवरून दिले जातात आणि पावती म्हणजे एक मेसेज. पण तक्रार केबलवाल्यावर चालत नाही. तो ज्या परवानाधारक कंपनीची सेवा विकतो, तिच्याकडे ती करावी लागते. कंपनीचं ॲप नोंदणीकृत नंबरने उघडा. तिथे ग्राहक क्रमांक आणि बिलाची पीडीएफ मिळते. तिथे नाव केबलवाल्याचं निघालं, तर आधी नाव बदलून घ्या. त्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं.

दुसरा कागद म्हणजे राउटरची नोंद. राउटरचं सेटिंगचं पान उघडता येत असेल तर `System Log` मध्ये साधारण अशी ओळ सापडते. शब्द राउटरप्रमाणे बदलतात:

```
21:12:07 DFS: radar detected, channel 100
```

पान उघडत नसेल तर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं मोफत ॲप मोबाइलमध्ये घ्या आणि टीव्ही चालू असताना चॅनल कोणता ते पाहून ठेवा. टीव्ही तुटला की पुन्हा पाहा आणि दोन्हींचा वेळेसह स्क्रीनशॉट घ्या.

एका घरातलं उदाहरण देतो. राउटर चॅनल १०० वर होता. रात्री ९:१२ ला टीव्ही तुटला, ॲपमध्ये चॅनल ३६ दिसला. टीव्ही बंद-चालू केला, जोडला गेला. ९:४३ ला परत तुटला, आता चॅनल पुन्हा १००. पहिल्यांदा रडारमुळे राउटर पळाला, दुसऱ्यांदा ३० मिनिटं आणि ऐकण्याचं एक मिनिट संपल्यावर आपल्या आवडत्या जागी परतला. अर्ध्या तासाच्या अंतराने अशी जोडी दिसली की दोष ओळखायला आणखी पुरावा लागत नाही. चॅनल ३६, रुंदी ८० असूनही टीव्ही तुटत असेल तर मात्र कारण वेगळं आहे. ही तक्रार टाकू नका.

तक्रारीत काय लिहायचं

एवढंच पुरे: ‘आपण दिलेला राउटर रडार टाळण्यासाठी चॅनल १०० वरून वारंवार बदलतो व माझ्या टीव्हीची जोडणी तुटते. नोंदी जोडल्या आहेत. ५ गिगाहर्ट्झ चॅनल ३६ वर, ८० रुंदीवर कायम करावा किंवा मला सेटिंगचा प्रवेश द्यावा.’

रडार कुणाचं, ते लिहू नका. २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी छत्रपती संभाजीनगरात रडार बसवलं होतं, तेव्हापासून लोक त्याचंच नाव घेतात. कोणी विमानतळाचं म्हणतं. राउटरला दुसऱ्याच सिग्नलवर रडारचा भास होणं सर्रास घडतं, आणि तुम्ही रडारचं नाव घेतलंत की ‘जवळ रडारच नाही’ म्हणून तक्रार फेटाळतात. जिल्हाधिकारी किंवा हवामान खात्याकडे अर्ज देऊनही उपयोग नाही. हा पट्टा विनापरवाना आहे, त्यात व्यत्ययापासून संरक्षण मागण्याचा हक्कच नसतो. हक्क आहे तो कंपनीने दिलेला राउटर नीट लावून घेण्याचा. राउटरच्या सेटिंगमधला देश बदलून रडारची तपासणी बंद करून देतो म्हणणारेही भेटतील. तसं करून घेऊ नका, ती अट रडारच्या सुरक्षेसाठी आहे.

मुदत

तक्रार टाकली की तिचा नोंद क्रमांक, म्हणजे डॉकेट क्रमांक मिळतो. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर तक्रार झालीच नाही असं समजा. बिघाडाच्या तक्रारीला कंपनीला कमाल तीन दिवस असतात. त्यात काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय केली आहे, फी नाही, ईमेल चालतो.

चूक इथे होते. लोक तीच तक्रार परत परत टाकतात आणि अपिलाची ३० दिवसांची मुदत शेवटच्या तक्रारीपासून मोजतात. मुदत पहिल्या तक्रारीची ठरलेली वेळ संपल्यापासून मोजा. १ जूनला तक्रार केली, ४ जूनला कंपनीची वेळ संपली, तर अपील ४ जुलैच्या आत जायला हवं. अपिलात पहिलाच डॉकेट क्रमांक द्या आणि ‘स्पीड योग्य आहे’ या शेऱ्याला एका वाक्यात उत्तर द्या: मागणी स्पीडची नाही, चॅनलची आहे. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.

तिथेही नकार आला तर दूरसंचार विभागाची तक्रार `pgportal.gov.in` वर टाकता येते. अपिलाचा निकाल सोबत जोडा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्रं पाठवून ३० दिवस घालवू नका.