नायट्याचं एक मलम चिठ्ठीशिवाय मिळतं, दुसरं का नाही?

पावसाळा लागला की नाशिकमध्ये नायट्याचे, म्हणजे गजकर्णाचे पेशंट वाढतात. ओले कपडे, दिवसभर घातलेले गमबूट, फवारणी करताना घामानं भिजलेलं अंग ही बुरशीला आवडणारी जागा. अशा वेळी काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: "क्लोट्रिमॅझोलची ट्यूब लगेच दिलीत, मग ही दुसरी द्यायला चिठ्ठी कशाला? दोन्ही नायट्यावरचीच ना?" या पत्रकात त्याचं सविस्तर उत्तर आहे. कुठलं औषध चिठ्ठीवर आणि कुठलं चिठ्ठीविना, हे सरकार कसं ठरवतं, ते या दोन ट्यूबांवरून नीट कळतं.

आधी दोन्हींच्या मागची बाजू वाचा. पहिलीत एकच औषध आहे, क्लोट्रिमॅझोल १ टक्का. ते बुरशी मारतं. दुसरीत क्लोट्रिमॅझोल आहेच, शिवाय बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड आणि निओमायसिन हे अँटिबायोटिक आहे. चिठ्ठी लागते ती या स्टेरॉइडमुळे.

आपल्या कायद्यात "ही औषधं चिठ्ठीशिवाय विका" अशी वेगळी यादी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्या नियमांत परिशिष्टं आहेत, त्यांना शेड्यूल म्हणतात. शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स यांत ज्याचं नाव आहे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं. ज्याचं नाव कुठेच नाही ते चिठ्ठीविना देता येतं. म्हणजे सगळा निर्णय एखादं नाव यादीत घालायचं की नाही, एवढ्यावर येतो.

नाव घालताना जे प्रश्न पाहिले जातात ते जगभर साधारण सारखेच आहेत. हा आजार पेशंटला स्वतःला ओळखता येतो का? औषध सांगितल्याप्रमाणे वापरलं तरी डॉक्टरांच्या देखरेखीविना धोका आहे का? लोक ते चुकीच्या पद्धतीनं वापरण्याची शक्यता किती? सवय लागते का? इंजेक्शनसारख्या मार्गानं द्यावं लागतं का? शिवाय औषध कोणत्या रूपात आहे तेही पाहतात. डायक्लोफेनॅकची गोळी शेड्यूल एचमध्ये येते, कारण ती पोटाला आणि किडनीला त्रास देऊ शकते. त्याच डायक्लोफेनॅकची गुडघ्याला चोळायची जेल चिठ्ठीशिवाय मिळते, कारण कातडीवाटे रक्तात फार थोडं उतरतं.

"कातडीवर लावायचं म्हणजे कमी धोका" हा विचार बहुतेक औषधांना लागू पडतो. स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र तो फसला. शेड्यूल एचच्या शेवटी एक टीप होती. यादीतल्या औषधांपासून बनवलेली, बाहेरून लावायची औषधं तिच्यामुळे यादीबाहेर राहायची. डोळ्यांत, कानात, नाकात टाकायची अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडवाली औषधं तेवढी आत होती. त्यामुळे स्टेरॉइडचे डोळ्यांचे ड्रॉप चिठ्ठीवर मिळायचे आणि स्टेरॉइडचं त्वचेचं मलम कुणीही मागून न्यायचं.

नायट्यावर असं मलम लावलं की दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. पेशंटला वाटतं, गुण आला. खरं तर स्टेरॉइडनं त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबलेली असते आणि बुरशी आत वाढतच राहते. मलम बंद केलं की काही दिवसांत चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. माणूस पुन्हा तेच मलम नेतो. असं काही महिने चाललं की नायट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते, चट्टे वेडेवाकडे पसरतात आणि डॉक्टरांनाही पाहताक्षणी ओळखणं अवघड जातं. जांघेत कातडी पातळ होऊन ताणल्यासारख्या रेघा उमटतात, त्या जात नाहीत. चेहऱ्यावर लावलं असेल तर बंद केल्यावर आग होते, उन्हात लाली चढते. वर विचारलेल्या प्रश्नांपैकी चुकीच्या वापराचा प्रश्न इथे सगळ्यात जड ठरतो.

हे नुकसान देशातले त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं मांडत होते. बदल करायचा तर रस्ता ठरलेला आहे. औषध तांत्रिक सल्लागार मंडळ विषय तपासतं. या मंडळात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर औषधशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांच्या संघटनेचा प्रतिनिधीही असतो. मग केंद्र सरकार मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवतं, आणि त्या पाहून अंतिम अधिसूचना निघते. मार्च २०१८ मध्ये अशा अधिसूचनेनं त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आली. बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, फ्लुटिकासोन ही त्यातलीच. नियम केंद्राचा असला तरी दुकानात येऊन तो पाळला जातो का हे तपासतं ते राज्याचं अन्न व औषध प्रशासन.

उलट्या दिशेचा प्रस्तावही याच रस्त्यानं येतो. मे २०२२ च्या एका मसुद्यात १६ औषधं चिठ्ठीविना विकायला स्पष्ट परवानगी द्यावी असं सुचवलं होतं. त्यात पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम होतं आणि नुसतं क्लोट्रिमॅझोलही होतं. अट अशी की ५ दिवसांपेक्षा जास्त दिवसांचं औषध द्यायचं नाही आणि बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जायचं. नायट्याला मात्र ५ दिवस पुरत नाहीत, हे आम्ही इथेच सांगून ठेवतो.

नुसतं क्लोट्रिमॅझोल वापरायचं ते असं. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर साधारण २ सेंटिमीटर पातळ थर लावा, दिवसातून दोनदा. बहुतेकांना २ ते ४ आठवडे लागतात. चट्टा गेल्यावरही आणखी एक-दोन आठवडे लावा. खाज थांबल्याबरोबर सोडून देणं हे परत उठण्याचं नेहमीचं कारण आहे. घरात आणखी कुणाला असेल तर दोघांचे उपचार एकदम करा, टॉवेल वेगळे ठेवा.

दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल, चट्टे बऱ्याच ठिकाणी असतील, डोक्यात, नखात किंवा चेहऱ्यावर असेल, पेशंट लहान मूल, गरोदर बाई किंवा मधुमेही असेल, तर आमच्याकडे दुसरी ट्यूब मागू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी पोटातून गोळ्या लागू शकतात आणि त्या चिठ्ठीवरच मिळतात. आधी स्टेरॉइडचं मलम लावलं असेल तर ती ट्यूब सोबत न्या. लपवलंत तर निदान चुकेल.

चिठ्ठी आणताना एवढं पाहा: तुमचं नाव-पत्ता, औषध किती घ्यायचं ते, तारीख आणि डॉक्टरांची सही. डॉक्टरांनी पुन्हा द्यायला लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येतं. म्हणून मागच्या वर्षीची चिठ्ठी किंवा रिकामी ट्यूब दाखवली तरी आम्हाला देता येत नाही. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक एच-वनमध्ये आहेत. ती देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, तुमचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. त्यामुळे तेव्हा काउंटरवर थोडा वेळ जास्त लागेल.

घरी पडलेली एखादी ट्यूब कोणत्या गटातली आहे हे कळत नसेल तर ती घेऊन दुकानात या. शेड्यूल एचचा इशारा आणि आर-एक्सची खूण कुठे असते ते फार्मासिस्ट दाखवतील, आणि आत स्टेरॉइड आहे का तेही वाचून सांगतील. त्याचे पैसे लागत नाहीत.